कचऱ्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवा

कोरीटसारख्या नंदुरबार जिल्ह्यातल्या गावात शाळेने ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा आणि खत बनवण्याचा पाठ घेतला, दर आठवड्याला कचरा मोजायचं ठरवलं, तर आम्ही आधी एकच विचारू: बादली कोण उचलणार?

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो करणाऱ्यावरच टाकली होती. आपल्याकडे मात्र घाण एकाची आणि हात दुसऱ्याचे, ही रीत जातीने लावली. जात म्हणजे नुसती श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडलं. म्हणून वजनाच्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा: आज बादली कोणी उचलली. पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावा, आणि त्यात गुरुजींचंही नाव असू द्या. महिन्याने तीच तीन-चार नावं पुन्हा पुन्हा दिसली, तर शाळेत काय चाललं आहे ते कळेल. वापरलेले सॅनिटरी पॅड कोणत्याही मुलाने निवडायचे नाहीत. ते कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात जातील, मोजणीत फक्त त्या डब्याचं वजन येईल.

आता हिशेब. भरलेल्या बादलीच्या वजनातून रिकाम्या बादलीचं वजन वजा करायचं. समजा, आठवड्यात पोषण आहाराचं उष्टं 20 किलो भरलं आणि पाच दिवसांची मिळून हजेरी 400 होती. म्हणजे दर हजेरीमागे 50 ग्रॅम. पुढच्या आठवड्यात उष्टं 18 किलो भरलं, तर फळ्यावर 'कचरा घटला' असं लिहिलं जाईल. पण आईबापांबरोबर मुलं ऊसतोडीला गेली आणि हजेरी 300 वर आली असेल, तर आकडा 60 ग्रॅम होतो. म्हणजे कचरा वाढला. पटसंख्येने भागलं तर हे लपतं आणि स्थलांतर हेच शाळेचं यश ठरतं! म्हणून भागाकार हजेरीनेच करा.

उष्ट्यात भात-खिचडीच जास्त असते. ती एकटी खड्ड्यात टाकली की चिकट गोळा होतो, आत हवा जात नाही आणि आंबूस वास सुटतो. एक बादली ओल्याला दोन बादल्या सुका पालापाचोळा घाला आणि आठवड्याला खालीवर करा. मूठभर घेऊन दाबलं की हात ओला व्हावा, पण पाण्याची धार लागू नये. धार लागली तर पाला वाढवा, हात कोरडा राहिला तर पाणी शिंपडा. दोन-तीन महिन्यांनी काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत मिळतं. वास सुटला म्हणून खड्डा साफ करायला गावातल्या एखाद्या ठरावीक वस्तीतून माणूस बोलावला, तर तो पाठ तिथेच नापास झाला.

साथींनो, शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. पुढच्या बैठकीत हा तक्ता मागा आणि आधी शेवटचा रकाना वाचा.

जय भीम!