नारळी पुनवेचा आल्बम उशिरा का?

मंडळींनो, नारळी पुनवेचे फोटो अजून का टाकले नाहीत म्हणून बरेच जण विचारतायत. कारण सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही सगळ्या फोटोंवर एकच फिल्टर मारला आणि मोकळे झालो. एकच तांडेल देवळात हिरवट, जेटीवर निळा आणि रात्री हळद लावल्यासारखा दिसला. वर तोंडं गोरी झाली ती वेगळीच. एका आजीने फोटो बघून "ही कोण गो?" विचारलं. ती तिचीच सून होती!

फोटो काढणाऱ्यांची चूक नव्हती. ट्यूबलाइट, ऊन, समई, प्रत्येकाच्या उजेडाचा रंग वेगळा, आणि फोन दर फोटोला आपल्याच अंदाजाने रंग ठरवतो. वरून एक फिल्टर मारला की ते फरक तसेच राहतात. म्हणून यंदा आधी उजेडाप्रमाणे फोटो वेगळे केले. प्रत्येक ढिगातला एक फोटो नीट केला, त्याची सेटिंग त्याच ढिगातल्या बाकीच्यांवर उतरवली आणि मग एकेक फोटो हाताने जुळवला.

सगळ्यात त्रास दिला तो निळ्या ताडपत्रीखाली जेवायला बसलेल्या पंगतीने. माणसं निळी, भातसुद्धा निळा. लाइटरूममध्ये रंग उचलायचं ड्रॉपर असतं. ते पंगतीशेजारच्या बर्फाच्या थर्माकोल पेटीवर टेकवलं. पेटी सावलीतलीच हवी, उन्हात पांढरीफटक जळालेली चालत नाही. तोंडं लगेच ताळ्यावर आली, पण मागचा दर्या आणि होड्या नारिंगी झाल्या! कारण बाहेर निळा उजेड नव्हताच. मग ते पुसलं, मास्क घेऊन ब्रशने फक्त ताडपत्रीखालचा भाग रंगवला आणि तेवढ्यापुरता Temp पिवळ्याकडे सरकवला. एका फोटोला वीस मिनिटं गेली.

व्हॉट्सॲपवरून साधे आलेले फोटो एवढं ओढले की गालावर डाग उठतात. म्हणून मूळ फोटो डॉक्युमेंट करून पाठवा, ही विनंती.

समईच्या उजेडातले फोटो आम्ही मुद्दाम थोडे पिवळे ठेवलेत. अगदी पांढरे केले तर आरती भरदुपारी झाली असं वाटतं. जमलं की नाही ते बघायला एकाच माणसाचे चार फोटो बारीक करून शेजारी ठेवतो आणि गाल ताडून बघतो. त्या वेळी मोबाइलचा रात्रीचा पिवळा पडदा बंद हवा, नाहीतर सगळंच फसतं.

राहिला गोरेपणाचा प्रश्न. "थोडं उजळ करा" असे निरोप आलेत. करणार नाही. अंधारात बुडालेलं तोंड दिसेल एवढा उजेड वाढवू, पण उन्हात दर्यावर राबून आलेला रंग बदलणार नाही. फोनमधला ब्यूटी मोड मात्र तुम्हीच बंद ठेवा. त्याने पुसलेल्या सुरकुत्या आम्हाला परत आणता येत नाहीत.

पंगतीचे अकरा फोटो अजून बाकी आहेत. ते झाले की आल्बम टाकतो.