f/22 चा मोह

मंडळातल्या एका मैत्रिणीने मला विचारलं, "अगं, सगळं स्पष्ट यावं म्हणून मी f/22 ठेवलं. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, फोकसही बरोबर होता. तरी रांगोळीचे ठिपके मऊ का आले?" तिला तो फोटो मोठा छापून आईला पाठवायचा होता.

भिंगातलं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर. f खालचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, हे खरं. पण बंदराच्या अरुंद तोंडातून शिरलेली लाट जशी आत बाजूंना पसरते, तसा लहान छिद्रातून गेलेला प्रकाशही पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. त्यामुळे बारीकशा ठिपक्याचीही सेन्सरवर एक चकती उमटते. हिरव्या प्रकाशात ती f/8 ला सुमारे ११ मायक्रॉनची असते, तर f/22 ला जवळजवळ ३० मायक्रॉनची. मैत्रिणीच्या २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा. म्हणजे f/8 ला चकती तीनेक पिक्सेल व्यापते आणि f/22 ला सात-आठ. भिंग कितीही महाग असलं तरी हे टळत नाही.

मग छिद्र पूर्ण उघडावं का? तेही नको. तेव्हा भिंगाचे स्वतःचे दोष दिसू लागतात, विशेषतः कोपऱ्यांत. उत्तम जागा मधे कुठेतरी असते, आणि ती आपल्या भिंगासाठी घरीच शोधता येते. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर त्याच्या समोर सरळ ठेवा. आयएसओ १०० आणि फोकस कायम ठेवून, दोन सेकंदांच्या टायमरवर f/4 पासून f/22 पर्यंत फोटो काढा. मग पडद्यावर पूर्ण आकारात बारीक अक्षरं पाहा. मैत्रिणीच्या भिंगाला f/8 सर्वांत चांगलं ठरलं.

रांगोळी सपाट असते. कॅमेरा बरोबर वरून, जमिनीला समांतर धरला तर सगळे ठिपके एकाच अंतरावर येतात आणि f/8 पुरतं. पण पणत्यांची लांबवर गेलेली ओळ असेल, तर f/11 किंवा f/16 घ्यावं. तिथे मागची पणती फोकसबाहेर जाण्यापेक्षा थोडा मऊपणा परवडतो, आणि संगणकावर शार्पनिंग करून तो काहीसा भरून काढता येतो.

दोष ओळखायचा कसा? फक्त पुढचं किंवा मागचं धूसर असेल, तर फोकसची खोली कमी पडली. सगळं एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला. आणि जिथे फोकस केला तिथेही, सगळीकडे सारखंच मऊ असेल, तर आधी f चा आकडा पाहा.