फजिती सांगावी कशी?

फजिती झाली की ती मित्रांना कधी सांगतो असं होतं. पण प्रत्यक्ष घडताना जे पाहणाऱ्याला लोळवून हसवतं, तेच ग्रुपवर लिहिलं की दोन अंगठे आणि एक हसरा चेहरा एवढ्यावर संपतं. प्रसंग कमी मजेशीर असतो असं नाही. घडताना ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं तो सांगितला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, शेवट आधीच सांगून टाकला जातो.

माझ्या भाच्याची गोष्ट घ्या. मुलगा मिरजेत राहतो. त्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न होऊन सांगलीत सासर झालं, आणि लग्नानंतरची ती पहिलीच बकरी ईद. त्या दिवशी त्याच्या हातून जे झालं ते त्याला कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायचं होतं. त्यानं रात्रीच मोबाइलमध्ये टिपणं करून ठेवली होती. ती अशी:

– सकाळी नमाजला उशीर, स्कूटर चालू होईना
– बकरा चार दिवस दारात, लसूणघास मी आणायचो. अम्मी: दिसतो अगदी मेथी
– कसाई बारा वाजता आला, अब्बा वैतागले
– उरलेला घास गवळ्याच्या म्हशीला द्यायचा. ओल्या फडक्यात, पिशवीत
– दोन्ही पिशव्या एकाच दुकानाच्या, आपाच्या लग्नातल्या
– अम्मी: नीट बोल, नवी सोयरीक आहे
– आपा आणि दाजी वाटणीला बाहेर, दार खालाजाननी उघडलं
– मी: अम्मीनं खास तुमच्यासाठी काढून ठेवलंय
– सरबत प्यालो
– घरी आलो, मटणाची पिशवी ओट्यावरच
– खालाजानचा फोन: मेथी निवडून ठेवलीय, ताजी आहे. तुमच्याकडं ईदला मेथी वाटायची पद्धत आहे का?
– खूप खूप लाज वाटली

खालाजान म्हणजे बहिणीची सासू. ही टिपणं चांगली आहेत, कारण त्यात माणसं जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत आलं आहे. दोन दिवसांनी प्रसंग आठवतो, पण नेमके शब्द राहत नाहीत. ‘खूप लाज वाटली’ ही ओळ मात्र कामाची नाही. लाज वाटली हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही, प्रसंग नीट मांडला तर ते त्याला आपोआप कळतं.

आता त्यानं या टिपणांवरून लिहिलेला पहिला मजकूर बघा: “मित्रांनो, हसून हसून पोट दुखेल! आज मी आपाच्या सासरी मटणाऐवजी बकऱ्याचा घास देऊन आलो! झालं असं की सकाळी स्कूटरच चालू होईना...” पहिल्याच वाक्यात मटणाऐवजी घास गेला हे कळलं. पुढची वीस वाक्यं वाचायला कारणच उरलं नाही. शिवाय ‘हसून पोट दुखेल’ म्हटलं की वाचणारा तयारीत बसतो, बघू या किती हसवतोस म्हणून.

अशा वेळी टिपणं उलटीकडून वाचावीत. यात हसू नेमकं कुठल्या वाक्याला येतं? पिशवी बदलली, याला येत नाही. पिशव्या रोज कुठे ना कुठे बदलतात. हसू येतं ते खालाजानच्या प्रश्नाला. नव्या व्याह्यांनी ईदला जुडी पाठवली, म्हणजे त्यांच्याकडची काही रीत असेल, असा विचार करून त्या बाईंनी भाजी निवडली आणि मग अदबीनं विचारलं. ते वाक्य अगदी शेवटी यायला हवं. त्यानंतर एकही शब्द नको.

शेवट ठरला की पुढचा प्रश्न सोपा होतो. हे वाक्य ऐकताक्षणी हसू यायचं असेल, तर ऐकणाऱ्याला आधी काय माहीत असायला हवं? इथं चारच गोष्टी लागतात. लसूणघास मेथीसारखा दिसतो. दोन पिशव्या सारख्या होत्या. सोयरीक नवी होती. आणि घास ओल्या फडक्यात होता, म्हणून पिशवी उचलताना हाताला हलकी लागली नाही. ही चौथी गोष्ट सांगितली नाही, तर कुणीतरी मध्येच विचारतो, ‘अरे, वजनावरून कळलं नाही का?’ आणि गोष्ट तिथंच थांबते. स्कूटर, उशीर, कसाई, अब्बांचा वैताग यांतलं काहीही लागत नाही. ते खरं असलं तरी गाळायचं.

या चारांत मेथीची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. ती शेवटी समजावून सांगावी लागली, ‘म्हणजे लसूणघास ना, मेथीसारखाच दिसतो’, तर हसू विझलं. फार ठळकपणे आधी सांगितली, तर वाचणारा पुढचं ओळखतो. म्हणून ती सुरुवातीला, दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या ओघात सांगायची. बकऱ्याच्या खाण्याचं बोलताना अम्मीच्या तोंडून ते वाक्य येऊन जातं, वाचणारा ते ऐकतो आणि विसरतो. शेवटी खालाजान ‘मेथी’ म्हणतात तेव्हा ते त्याला आपोआप आठवतं.

आणखी एक निवड करावी लागते. घास गेला आहे हे वाचणाऱ्याला कधी कळू द्यायचं? थेट फोनवरच कळलं तर एक धक्का बसतो, पण वाचणारा क्षणभर गोंधळतो आणि हसायचं राहून जातं. घरी आल्यावर ओट्यावर मटणाची पिशवी दिसते तिथंच कळलं, तर फोन वाजेपर्यंत तोही मुलाबरोबर घाबरतो. इथं हा दुसरा मार्ग बरा, कारण खरी गंमत चूक उघड होण्यात नाही, तिकडून काय उत्तर येतं यात आहे.

हे सगळं ठरल्यावर भाचा थोडा रंगात आला. म्हणाला, “खालाजाननी भाजी शिजवली, दाजींना वाढली, दाजी म्हणाले जरा चरबट लागतेय, असं लिहू का?” ग्रुपवर नक्की हशा पिकला असता. पण तसं घडलं नव्हतं. लोकांना हसवण्यासाठी खोटं बोलणाऱ्याला हदीसमध्ये कडक इशारा आहे, आणि प्रेषित (स.) स्वतः विनोद करत पण त्यातही खरंच बोलत, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. गोष्ट सांगताना याची सीमा अशी धरता येते: नको ते गाळावं, पण न घडलेलं घालू नये. स्कूटर गाळल्यानं कुणाबद्दल काही खोटं ठरत नाही. शिजवलेली भाजी घातली की ठरतं.

त्यात आणखी एक तोटा आहे. खरी गोष्ट भाच्याची फजिती आहे. हसं त्याचं होतं आणि खालाजान त्यात समजूतदार दिसतात. ताटात घास वाढला की हसं त्यांचं होतं, गुरांचं खाणारं घर म्हणून. सांगणारा बाजूला राहतो आणि बहिणीचं सासर पुढे येतं. ग्रुपमध्ये तेवीस जण आहेत. त्यातला एखादा मजकूर पुढे पाठवणार, आणि मिरज-सांगलीत तो त्या घरापर्यंत पोहोचायला संध्याकाळ लागणार नाही. भाचा मोकळा झाला असता. निस्तरावं लागलं असतं नव्या नवरीला.

म्हणून ज्यांचं नाव किंवा नातं गोष्टीत येतं त्यांना ती आधी वाचायला द्यावी. भाच्यानं मजकूर बहिणीला पाठवला. तिनं तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या, हरकत नाही म्हणाल्या, आणि एक दुरुस्ती सांगितली: “मी ताजी नव्हते म्हणाले, कोवळी म्हणाले होते.” दुरुस्ती केली आणि वाक्य आणखी चांगलं झालं. ग्रुपवर गेलेला मजकूर हा:

“ईदच्या आधी चार दिवस बकरा आमच्या दारात होता आणि त्याचं खाणंपिणं माझ्याकडं. रोज लसूणघासाच्या पेंढ्या आणायच्या. अम्मी रोज म्हणायची, दिसतो अगदी मेथी, आणि बकऱ्यापुढं टाकायची. ईदच्या दुपारी उरलेला घास तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, गवळ्याच्या म्हशीसाठी. शेजारी दुसरी पिशवी, आपाच्या सासरचा हिस्सा. दोन्ही पिशव्या आपाच्या लग्नातल्या, एकाच दुकानाच्या. अम्मी म्हणाली, ‘नीट बोल, नवी सोयरीक आहे.’ मी नीट बोललो. सांगलीत खालाजाननी दार उघडलं. सलाम केला, पिशवी हातात दिली, म्हणालो, ‘अम्मीनं खास तुमच्यासाठी काढून ठेवलंय.’ सरबत प्यालो, निघालो. घरी आलो तर ओट्यावर पिशवी. उघडली. मटण. तेवढ्यात फोन वाजला. खालाजान. म्हणाल्या, ‘बेटा, मेथी निवडून ठेवलीय, फार कोवळी आहे. एवढंच विचारायचं होतं, तुमच्याकडं ईदला मेथी वाटायची पद्धत आहे का?’”

यात ‘मी नीट बोललो’ हे छोटं वाक्य टिपणांत नव्हतं. अम्मीच्या सूचनेचं ते नुसतं उत्तर आहे, पण पुढं काय घडणार आहे हे कळल्यावर तेच टोचतं. शेवटाजवळ वाक्यं तोकडी होत गेली आहेत: पिशवी, उघडली, मटण. तिथं वाचणाऱ्याला धावायचं असतं, त्याला लांब वाक्यात अडकवू नये. हाच प्रसंग तोंडानं सांगायचा झाला, तर ‘मटण’ म्हटल्यावर क्षणभर थांबावं, आणि खालाजानचं बोलणं त्यांच्याच शांत स्वरात सांगावं. नक्कल करून आवाज काढला की पुन्हा हसं त्यांचंच होतं.

मजकूर पाठवल्यावर ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो असा: “मग तू काय उत्तर दिलंस?” भाच्यानं ते लिहिलेलं नव्हतं, आणि तेच बरं. शेवटच्या वाक्यानंतर मित्रांनी असं काही विचारलं, तर त्याचं उत्तर वेगळं द्यावं. त्यानं दिलं: “‘नाही’ म्हणालो आणि मटणाची पिशवी घेऊन परत सांगलीला निघालो. या वेळी आधी उघडून बघितली.”