आधी हात, मग स्लाइड

२०१७ साली केंद्र शासनाने ‘स्वयम्’ सुरू केल्यापासून विद्यापीठीय अभ्यासक्रमांची व्हिडिओ व्याख्याने आपल्या परिचयाची झाली आहेत. त्यांत तीन गोष्टी एकत्र येतात : स्लाइड, निवेदन आणि संगणकाच्या पडद्यावरचे प्रात्यक्षिक. पुष्कळदा आधी स्लाइड तयार होतात, मग त्या वाचून दाखविल्या जातात आणि उरलेल्या वेळात प्रात्यक्षिक उरकले जाते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. व्याख्यानाची संहिता प्रात्यक्षिकापासून लिहावयास हवी.

एक उदाहरण घेऊ. सरासरी आणि मध्यक यांतील फरक शिकवावयाचा आहे. स्प्रेडशीटमध्ये B2 ते B8 या घरांत सात कुटुंबांचे मासिक उत्पन्न हजार रुपयांत लिहिले आहे : ८, ९, १०, ११, १२, १४ आणि ९०. खाली दोन सूत्रे द्यावयाची :

```
=AVERAGE(B2:B8)
=MEDIAN(B2:B8)
```

सरासरी येते २२ हजार आणि मध्यक ११ हजार. सातांपैकी सहा कुटुंबे सरासरीच्या खालीच राहतात! आता B8 मधील ९० पुसून २० लिहा. सरासरी एकदम १२ हजारांवर येते. मध्यक मात्र जागचा हलत नाही. या धड्याचा सारा जीव या एका बदलात आहे. म्हणून संहितेत तो आधी लिहावा आणि बाकीचे त्याच्याभोवती बांधावे.

त्यासाठी कागदावर तीन रकाने आखावेत : पडद्यावर काय दिसते, तोंडाने काय सांगावयाचे आणि हाताने काय करावयाचे. बदलाच्या क्षणी या रकान्यांचा मेळ फार जपावा लागतो. प्रथम सांगावे, “आता मी B8 मधील ९० च्या जागी २० लिहिणार आहे. कोणता आकडा बदलेल?” मग पाच सेकंद मौन. ते मौनही संहितेत लिहून ठेवावे, नाहीतर बोलण्याच्या ओघात ते हमखास गळते. त्यानंतर आकडा बदलावा आणि तो बदलताना दुसरे काही बोलू नये. उत्तर पडद्यावर दिसल्यावरच त्याचा अर्थ सांगावा. हात पुढे आणि वाणी मागे राहिली, की ऐकणाऱ्याला काय बदलले हेच कळत नाही.

मग स्लाइडवर काय असावे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांतून दाखविले आहे, की चित्र आणि निवेदन चालू असताना तेच निवेदन अक्षरांत पडद्यावर दिले, तर समजणे वाढण्याऐवजी सहसा घटते. डोळे वाचण्यात गुंततात आणि चित्र निसटते. याला अपवाद आहेत. नवा पारिभाषिक शब्द किंवा सवयीची नसलेली भाषा असेल, तेव्हा छापील शब्दाचा आधार होतो. म्हणून आपल्या उदाहरणात स्लाइडवर परिच्छेद नको, पण ‘मध्यक’ आणि MEDIAN ही जोडी अवश्य हवी. मराठीतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला सूत्रात टंकावयाचा शब्द त्याशिवाय ओळखीचा वाटणार नाही.

काहीजण म्हणतील, संहितेने व्याख्यान कृत्रिम होते. वर्गात शिक्षक कुठे कागद पाहून बोलतात? खरे आहे. पण वर्गात समोर चेहरे असतात. कपाळाला आठी दिसली, की शिक्षक तीच गोष्ट पुन्हा सांगतात. व्हिडिओत चेहरा नाही, तेव्हा ती आठी संहिता लिहितानाच ओळखावी लागते. ‘हे इथून इथे घेतले’ असे वाक्य वर्गात चालते, कारण बोट दिसते. मोबाइलच्या लहान पडद्यावर बाण कुठे आहे हेच दिसत नाही. तिथे घराचे नाव घ्यावे, आकडे मोठे करून दाखवावेत आणि एखादी कळ दाबली तर तीही बोलून सांगावी.

संहिता जमली की नाही, याच्या दोन साध्या कसोट्या आहेत. व्हिडिओ एकदा डोळे मिटून ऐकावा : ‘हे’, ‘ते’, ‘इथे’ यांमुळे अर्थ अडला, तर निवेदन अपुरे आहे. आणि ज्याने हा विषय कधी शिकला नाही अशा एखाद्यासमोर कोरी स्प्रेडशीट ठेवून, केवळ व्हिडिओच्या आधाराने २२, ११ आणि १२ हे आकडे त्याला काढता येतात का ते पाहावे. जिथे तो अडखळेल, तिथे संहितेतील एखादी पायरी गळलेली असते.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॉलेजची पायरी चढलेले दुसरे कोणी नाही. रात्री व्हिडिओ पाहताना एखादी पायरी सुटली, तर शेजारच्या खोलीत विचारण्याजोगे माणूस नसते. ज्याला घरी सांगणारे आहे, तो ती गाळलेली पायरी भरून घेतो. दुसरा ‘आपल्याला गणितच जमत नाही’ असे समजून विषय सोडून देतो. ती पायरी लिहिण्याची जबाबदारी संहिता लिहिणाऱ्याची आहे, पाहणाऱ्याची नव्हे.