दार आतून काढावं

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेलेली अनेक कुटुंबं देवळाभोवतीच्या पुजाऱ्यांच्या घरांत उतरतात. मुलांच्या चित्रकोशातलं घर काढायचं असेल, तर अशा एखाद्या जुन्या घराच्या दारापासून सुरुवात करावी, आणि ते दार आतल्या बाजूने, लावलेलं दाखवावं. बाहेरून काढलं तर अडसर, म्हणजे दारामागे आडवं सरकवायचं जाड लाकूड, दिसतच नाही. खाली उंबरठा आणि भोवती चौकट अशी नावं बाणांनी दाखवता येतात. कडी आणि कोयंडा यांचं मात्र एका चित्रात भागत नाही. कडी हलते, ती ज्यात अडकते तो कोयंडा चौकटीत ठोकलेला असतो. म्हणून एका चित्रात कडी लोंबती आणि दुसऱ्यात कोयंड्यात अडकवलेली हवी. कोनाड्याची अडचण वेगळी आहे. नुसता चौकोन काढला की मूल त्याला खिडकी म्हणतं. आत पणती ठेवावी, मागची भिंत रंगवावी, म्हणजे तो आरपार नाही हे कळतं. पान छापण्याआधी नावं झाकून ते मुलांना दाखवावं. उत्तर ‘खिडकी’ आलं तर चित्र बदलावं. कोल्हापूरकडच्या घराच्या चित्राखाली ‘सोपा’ ठळक लिहावं आणि इतर भागांतल्या मुलांसाठी त्याखाली ‘ओसरी’ द्यावं. मुलाला घरात ऐकलेला शब्द पुस्तकात सापडला पाहिजे.