केस बदला, चेहरा नको!

पार्लर किंवा सलून चालवणाऱ्या, किंवा सुरू करणाऱ्या सगळ्यांसाठी आजचा विषय. ग्राहकाच्या सेल्फीवर नवा हेअर कलर, नवा कट करून दाखवायचा, ही सोय आता आपल्या फोनमध्येच आहे. मी माझ्या दुकानात ती वापरते. पण माझं मत स्पष्ट आहे: ज्या फोटोत केसांबरोबर चेहराही बदललाय, तो फोटो ग्राहकाला दाखवायचाच नाही. कितीही सुंदर दिसत असला तरी नाही.

हे मी नुकसान सोसून शिकले. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक ताई आहेत, वय 46, शिक्षिका. भाचीचं लग्न होतं, म्हणून त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं. मी त्यांचा फोटो काढला, ॲपमध्ये टाकला आणि अॅश ब्राऊन, म्हणजे राखाडी झाक असलेला तपकिरी रंग करून दाखवला. ताई एकदम खूश. "हाच करा!" आम्ही सकाळी बसलो ते दुपारी उठलो. काळे केस आधी उजळवले, मग वरून रंग दिला. रंग अगदी फोटोसारखा आला. तरी ताई आरशात बघून गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "रंग तोच आहे गं, पण मी तशी दिसत नाही."

त्या गेल्यावर मी दोन्ही फोटो नीट बघितले. ॲपने ताईंची त्वचा दोन शेड गोरी केली होती. डोळ्यांजवळच्या सुरकुत्या गायब. गालावरचा तीळ गायब. भांगाजवळ केस विरळ आहेत, तिथे दाट केस. म्हणजे ताईंना रंग आवडलाच नव्हता, त्यांना 10 वर्षांनी तरुण झालेला चेहरा आवडला होता. आणि तो विकायला माझ्याकडे नाही!

बरं, हा फक्त मन दुखावण्याचा प्रश्न नाही. त्वचा बदलली की रंगाचा निर्णयच चुकतो. केसांचा रंग चांगला दिसतो की नाही, हे तो कोणत्या त्वचेशेजारी आहे त्यावर ठरतं. अॅश शेडमध्ये निळसर-हिरवट झाक असते. गोऱ्या केलेल्या चेहऱ्याशेजारी ती छान दिसली. ताईंच्या खऱ्या, पिवळसर गव्हाळ रंगाशेजारी तीच झाक चेहरा थकलेला दाखवत होती. फोटोत त्वचा खरी राहिली असती, तर हे आम्हाला रंग लावण्याआधीच दिसलं असतं.

असं होतं का? बरीच ॲप्स फक्त केस रंगवत नाहीत, तुमचा फोटो बघून संपूर्ण चित्र नव्याने काढतात. नव्याने काढताना चेहरा थोडा गुळगुळीत, थोडा "सुंदर" होऊन येतो. काही ॲप्समध्ये बोटाने केसांचा भाग निवडता येतो आणि बदल तेवढ्यातच होतो. शक्य असेल तिथे हीच घ्या. दुसऱ्या प्रकारचं ॲप वापरत असाल, तर सूचना नेमकी लिहा. मी असं लिहिते:

```
फक्त केसांचा रंग गडद चॉकलेटी तपकिरी कर.
चेहरा, त्वचेचा रंग, सुरकुत्या, तीळ, कपाळाची
रेषा, केसांची दाटी, कपडे आणि मागची भिंत
आहे तशीच ठेव.
```

एका वेळी एकच बदल सांगा. आधी रंग बघा, कट नंतर. आणि प्रत्येक नवा प्रयोग मूळ फोटोवरच करा. बदललेल्या फोटोवर पुन्हा बदल केला की चेहरा दर वेळी थोडा थोडा सरकतो, चौथ्या फोटोत तो बहिणीचा वाटायला लागतो!

मूळ फोटो काढतानाही काळजी घ्या. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, केस मोकळे सोडून. कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड बंद. तो चालू असेल तर फोटो ॲपमध्ये जाण्याआधीच चेहरा बदललेला असतो. आणि फोटो कुठल्या ॲपवर जाणार आहे ते सांगून आधी विचारा. "हो" म्हणाल्या तरच पुढे.

आता तपासणी. गॅलरीत मूळ आणि नवा फोटो शेजारी ठेवा आणि बोटाने भराभर पुढे-मागे करा. फक्त केस हलले पाहिजेत. बाकी काहीही हललं तर फोटो बाद. मी चार जागा बघते: तीळ किंवा डाग, डोळ्यांचे कोपरे, कपाळावर केस सुरू होतात ती रेषा आणि मान. चेहरा गोरा आणि मान सावळी दिसली, तर ॲपने हात मारलाय हे नक्की. कपाळाची रेषा विशेष बघा, कारण ती खाली आणली आणि भांग भरला की माणूस लगेच तरुण दिसतो, आणि आपल्याला वाटतं नव्या कटमुळे दिसतोय.

इतकं करूनही एक गोष्ट कुठलाच फोटो सांगत नाही: या केसांवर आधी काय झालंय. आपल्याकडे नैसर्गिक केस बहुतेक काळे किंवा अगदी गडद तपकिरी. त्यांना हलका तपकिरी करायचा तर आधी उजळवावे लागतात, आणि उजळवताना आतून तांबूस, मग नारिंगी रंग वर येतो. त्यात आधी काळा डाय लावलेला असेल, तर नुसता नवा रंग वर चढवून तो हलका होत नाही. काळी मेंदी लावली असेल, तर त्यात काय मिसळलंय हे ग्राहकालाही माहीत नसतं. म्हणून फोटो पसंत पडला की मी विचारते, "गेल्या दोन वर्षांत केसांना काय काय लावलं?" मग मानेजवळच्या आतल्या एका बारीक बटेवर रंग करून बघते, आणि कानामागे थोडा रंग लावून 48 तास थांबते. खाज किंवा लाली आली तर रंग करायचाच नाही. बटेवर जो रंग आला, तो खरा. फोटोतला फक्त अंदाज.

ताईंचं पुढे काय झालं? पंधरा दिवसांनी मी त्यांना बोलावलं. खिडकीजवळ नवा फोटो काढला, वरची सूचना लिहिली. पहिला फोटो बाद केला, तीळ गेला होता. दुसऱ्यात तीळ होता, सुरकुत्या होत्या, विरळ भांगही होता. त्या फोटोवर ताई पहिल्यासारख्या हरखल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हां, ही मीच आहे. हा चालेल." उजळवलेल्या केसांवर गडद, उबदार रंग देणं सोपं असतं, तासाभरात काम झालं. पैसे मी घेतले नाहीत, चूक माझी होती.

काही जण म्हणतील, गोरा-तरुण फोटो दाखवला की ग्राहक लगेच हो म्हणतो, मग का सोडायचा? खरंय, म्हणतो. पण तो हो चेहऱ्याला असतो, आणि बिल आपण केसांचं लावतो. काम संपल्यावर समोर आरसा असतो, आणि आरशात तीळ, सुरकुत्या, भांग सगळं जिथल्या तिथे असतं. म्हणून माझ्या दुकानात नियम एकच: फोटोत तीळ दिसला, तरच खुर्चीवर बसवायचं.