रॅम निर्दोष होती

बोईसरमध्ये कॉम्प्युटर बंद पडला की पहिला संशय रॅमवर. तो अगदीच खोटा नाही. तारापूर एमआयडीसीच्या हवेत तांब्याचे संपर्क लवकर काळे पडतात, त्यामुळे इथला प्रत्येक दुरुस्तीवाला खिशात खोडरबर घेऊन फिरतो. रॅम काढायची, तिच्या सोनेरी कडा घासायच्या, फुंकर मारून परत बसवायची. दहापैकी काही वेळा मशीन खरंच चालू होतं, म्हणून खोडरबराची इभ्रत टिकून आहे.

मागच्या महिन्यात एका छोट्या रसायन कारखान्याच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा हा उपाय तीनदा करून झाला होता. रॅम बदलूनही झाली होती. अकाउंट्स बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “दादा, टॅली उघडतं, एंट्रीही होते. बॅकअप पेन ड्राइव्हवर टाकायला घेतला की निळा पडदा. वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न आहे.” तारीख होती अठरा.

मी एकच विचारलं, हे सुरू व्हायच्या आधी मशीनमध्ये काय नवं टाकलं? “काहीच नाही. फक्त अँटिव्हायरस.” हे ‘फक्त’ मी बऱ्याच वर्षांपासून ऐकतोय.

जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली होती. कुणीतरी तो कंट्रोल पॅनलमधून काढला, शेवटी आलेल्या ‘रिस्टार्ट करू का?’ या प्रश्नाला ‘नंतर’ म्हटलं आणि त्याच बैठकीत दुसऱ्या कंपनीचा नवा चढवला. गोम इथेच आहे. अँटिव्हायरस म्हणजे घड्याळाशेजारचा आयकॉन नव्हे. त्याचा मुख्य भाग विंडोजच्या अगदी गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतो. कोणतीही फाइल उघडली की ती आधी त्याच्या हातातून जाते. चालू असलेला ड्रायव्हर जागेवरून हलवता येत नाही, त्यामुळे अनइन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम उरलेलं काम रिस्टार्टवर ढकलतो. इथे ते काम व्हायच्या आधीच नवा मालक घरात शिरला होता. आपल्या देखत कुणीतरी ड्रायव्हर आणि रजिस्ट्रीच्या नोंदी पुसतंय, हे नव्याला बहुधा संशयास्पद वाटलं असणार. जुन्याची खिडकी गेली, आयकॉन गेला, यादीतलं नाव गेलं. ड्रायव्हर राहिला.

मग एकाच फाइलवर दोन पहारेकरी. एक तपासायला फाइल उघडतो, ते उघडणं दुसरा अडवून स्वतः तपासायला घेतो. साध्या कामात हे निभावतं. पेन ड्राइव्हवर शेकडो फाइल भराभर जाऊ लागल्या की कुठेतरी गाठ पडते. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा मरतो. गाभ्यातला ड्रायव्हर चुकला तर पुढचं नुकसान टाळण्यासाठी विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. तोच तो निळा पडदा.

हा अंदाज नाही हे कसं ठरवायचं? निळ्या पडद्यावर खाली `What failed:` अशी ओळ येते, नेहमी नव्हे, पण आली तर तिचा मोबाइलवर फोटो काढावा. तिथे `.sys` ने संपणारं नाव होतं. `C:\Windows\System32\drivers` मध्ये ती फाइल शोधून Properties मधलं Details पान उघडलं, तर कंपनी जुन्या अँटिव्हायरसची. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एवढंच टाइप केलं:

```
fltmc
```

फाइलींच्या वाटेवर कोणकोण बसलंय याची यादी येते. प्रत्येकापुढे Altitude नावाचा आकडा असतो, म्हणजे कोण वर, कोण खाली. 320000 ते 329998 हा पट्टा मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरससाठी राखून ठेवलाय. विंडोजचा स्वतःचा `WdFilter` 328010 वर असतो. एकाच कंपनीची दोन नावं त्या पट्ट्यात दिसली तर घाबरू नये. इथे दोन वेगळ्या कंपन्यांची होती.

“मग ती फाइल डिलीट करून टाका ना,” शेजारच्या टेबलावरून सल्ला आला. “त्या क्राउडस्ट्राइकच्या वेळी तसंच केलं होतं.” 19 जुलै 2024 ची आठवण लोकांना आहे, हे बरंच आहे. त्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज मशीन आडवी केली, आणि सेफ मोडमध्ये जाऊन `C-00000291*.sys` ही फाइल हाताने पुसणं हा मुख्य उतारा होता. पण नाव `.sys` असलं तरी ती फाइल ड्रायव्हर नव्हती, ड्रायव्हर वाचत असलेली माहितीची फाइल होती. खरा ड्रायव्हर असा उपटला आणि रजिस्ट्रीतल्या डिस्कच्या नोंदीत त्याचं नाव तसंच राहिलं, तर विंडोज त्याला शोधत बसतं आणि सुरूच होत नाही. मग वीस तारीख विसरा.

अँटिव्हायरस मुळात सहज निघू नये असाच बनवलेला असतो. विषाणूने त्याला काढू नये म्हणून तो स्वतःचं रक्षण करतो. त्यामुळे आपण कुठेकुठे काय ठेवलंय हे बनवणाऱ्यालाच नीट ठाऊक. म्हणूनच बहुतेक कंपन्या वेगळं रिमूव्हल टूल फुकट देतात. मॅकॅफीचं `MCPR`, अवास्टचं `avastclear`, एसेटचं ESET Uninstaller ही त्यातली काही. ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावं. गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीतल्या ‘रिमूव्हर’ला हात लावू नये. दोन वर्षांपूर्वी पेन ड्राइव्हवर ठेवलेलंही चालवू नये, त्याला नवी आवृत्ती ओळखता येत नाही. ज्याची ड्रायव्हर फाइल उरली त्याच कंपनीचं टूल हवं. गोंधळ नव्याने सुरू झाला म्हणून लोक नव्याचं टूल चालवतात आणि जुना तिथेच राहतो.

आम्ही आधी टॅलीचा डेटा फोल्डर सेफ मोडमध्ये कॉपी केला. तिथे हे ड्रायव्हर सहसा चढत नाहीत, त्यामुळे कॉपी निमूट झाली. अर्थात सेफ मोडकडे जाताना बिटलॉकर 48 अंकी की मागू शकतं, ती आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घेतली. नव्याची लायसन्स की वहीत उतरवून तो साध्या मार्गाने काढला. मग नेटची वायर काढली, सेफ मोडमध्ये जुन्याचं टूल चालवलं, आणि रिस्टार्ट विचारल्यावर या वेळी ‘होय’. पुन्हा `fltmc`: पट्ट्यात एकटा `WdFilter`. दुसरा अँटिव्हायरस नसला की डिफेंडर आपणहून जागा होतो. नाही झाला, तर जुन्याची नोंद अजून कुठेतरी उरली आहे असं समजावं. नेट गेलं, तर नेटवर्क ॲडॅप्टरच्या Properties मध्ये जुन्याचा फिल्टर अडकलाय का बघावं.

नवा लगेच चढवला नाही. दिवसभर डिफेंडरवर काम केलं, पेन ड्राइव्हवर चार वेळा बॅकअप घेतला. पाचव्यांदा नव्यासकट. पडदा आला नाही.

वीस तारखेला दुपारी रिटर्न गेल्याचा मॅडमचा मेसेज आला. खाली आणखी एक ओळ होती: काढलेली जुनी रॅम ड्रॉवरमध्ये आहे, दुकानदार परत घेईल का?